रातकिडे की मीलवर्म? टर्म पेपरसाठी कीटक निवडताना

खाद्य कीटकांवर टर्म पेपर लिहायचा म्हटलं की यादी लांबत जाते: टोळ, रेशीमकिड्याचे कोष, मधमाशीच्या अळ्या. पण ज्यांना वाचनासोबत थोडं पालन करून स्वतःचे नमुने तपासायचे असतात, त्यांची निवड बहुतेक वेळा दोघांवर येऊन थांबते. एक घरगुती रातकिडा, अकीटा डोमेस्टिकस, आणि दुसरा मीलवर्म, म्हणजे टेनेब्रिओ मोलिटर या भुंगेऱ्याची अळी. मी दोन्ही पाळले आणि पेपर एकावरच लिहिला. तो कोणता, हे पुढे कळेलच, पण रातकिड्याच्या बाजूचं जे खरं आहे तेही सांगतो.

पोषणापासून सुरुवात करू, कारण पहिला गोंधळ तिथेच होतो. तक्ते उघडले की रातकिड्यात कोरड्या वजनाच्या 65 टक्क्यांच्या आसपास प्रथिने दिसतात आणि मीलवर्ममध्ये 50. इथेच बरेच जण निकाल लावून मोकळे होतात. जरा थांबा. ताज्या, जिवंत वजनावर नेहमी दिले जाणारे आकडे घ्या. 100 ग्रॅम प्रौढ रातकिड्यांत पाणी साधारण 69 ग्रॅम, प्रथिने 20.5 आणि चरबी 7. 100 ग्रॅम मीलवर्ममध्ये पाणी 62, प्रथिने 18.7 आणि चरबी 13.4. ताज्यावर फरक दोन ग्रॅमचासुद्धा नाही. पाणी काढलं की रातकिड्याचे 20.5 ग्रॅम 31 ग्रॅममध्ये मोजले जातात, म्हणून 66 टक्के. मीलवर्मचे 18.7 ग्रॅम 38 ग्रॅममध्ये मोजले जातात, म्हणून 49. म्हणजे मीलवर्ममध्ये प्रथिने फार कमी आहेत असं नाही. त्यात चरबी जास्त आहे आणि पाणी कमी. पेपरमध्ये कुठला आकडा कोणत्या वजनावरचा आहे हे लिहिलं नाही, तर परीक्षक पहिलं बोट तिथेच ठेवतात.

दुसरी अडचण केल्डाल पद्धतीची. आपण नायट्रोजन मोजतो आणि त्याला 6.25 ने गुणतो, पण कीटकाच्या कवचातल्या कायटिनमध्येही नायट्रोजन असतो आणि तो प्रथिनांच्या खात्यात जमा होतो. मीलवर्मच्या अख्ख्या अळ्यांसाठी 4.76 हा गुणक 2017 मध्ये प्रसिद्ध झाला. वरचे 49 टक्के 6.25 ने भागले तर नायट्रोजन 7.84 टक्के येतो, आणि 4.76 ने गुणलं की प्रथिने 37 टक्क्यांच्या आसपास उरतात. 49 चे 37! रातकिड्याचा आकडाही याच कारणाने फुगलेला असतो, पण हा गुणक त्याच्यावर मोजलेला नाही, त्यामुळे तो तसाच उचलून लावू नये. माझ्या मते टर्म पेपरसाठी एवढा मुद्दा नीट मांडला तरी अर्धं काम झालं, आणि तो मीलवर्मवर जास्त स्वच्छ मांडता येतो.

अमिनो आम्लांत दोघांचीही लंगडी बाजू साधारण एकच, गंधकयुक्त अमिनो आम्ले. बी-12 मध्ये मात्र रातकिडा स्पष्टपणे पुढे आहे, यात वाद नाही.

आता पालनाकडे. रातकिड्यांबद्दल सगळे आवाजाची तक्रार करतात. नर रात्रभर किरकिर करतात हे खरं, पण त्याची सवय होते. उडी मारून निसटतात, तेही चालवून घेता येतं. मला नडलं ते पाणी.

रातकिड्यांना 30 अंशांच्या आसपास ऊब लागते आणि या उबेत ते पाण्याशिवाय फार काळ तग धरत नाहीत. नुकतं निघालेलं पिल्लू जेमतेम दोन मिलिमीटरचं. पाण्याच्या एका थेंबात ते बुडून मरतं. म्हणून उघडी वाटी ठेवता येत नाही, ओला कापूस ठेवावा लागतो. त्या कापसावर ती गर्दी करतात, तिथेच विष्ठा टाकतात, आणि कापूस पिवळा पडून आंबूस वास सुटायला वेळ लागत नाही. तोच कापूस मोठ्या माद्यांच्या डब्यात ठेवला तर त्या सुईसारखं अंडनलिकेचं टोक त्यात खुपसून अंडी घालतात, मग कापूस फेकावा तर अंडीही जातात. पाणी शोषणारं जेल वापरून पाहिलं. त्याच्या वरच्या थरावर साय धरल्यासारखं होतं आणि खाली घाण साचते. गाजराचा काप उबेत पटकन सुकतो. कापसाजवळची पुठ्ठ्याची अंड्यांची खोकी खालून ओली झाली की बुरशी, आणि ती हलवावी तर आतले सगळे अंगावर. पाणी कमी पडलं तर कात टाकताना मऊ पडलेल्यांना बाकीचे खातात. थोडक्यात, कमी पडलं तरी मरण, जास्त झालं तरी मरण. दिवसाआड कापूस बदलण्याचं हे काम सुट्टीच्या दिवशीही चुकत नाही. मोठ्या उबवणी केंद्रांत यावर चांगले उपाय असतील. वसतिगृहाच्या खोलीत किंवा प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात ते परवडत नाहीत.

मीलवर्मला पाण्याची वाटी लागतच नाही. पसरट ट्रेमध्ये तीन-चार सेंटिमीटर गव्हाचा कोंडा आणि वर गाजराचा एक काप. बस्स. या अळीचं गुदाशय शरीरातलं पाणी इतकं घट्ट धरून ठेवतं की हवेतली सापेक्ष आर्द्रता 88 टक्क्यांच्या वर गेली तर ती हवेतूनच वाफ शोषू शकते. अर्थात म्हणून खोली दमट करायची नाही. 60 ते 70 टक्के आणि 27-28 अंश पुरे. गाजर सकाळी ठेवायचं, उरलेलं संध्याकाळी उचलायचं. उचलताना खालचा कोंडा बोटाने चाळवून पाहायचा. तो गोळा झालेला लागला, तर काप मोठा होता.

दमटपणा वाढला की मीलवर्मच्या ट्रेवरही संकट येतं, ते पिठातल्या गोचिडांसारख्या बारीक माइट्सचं. ओळखायची खूण सोपी: ट्रेच्या कडेला फिकट धुळीचा पट्टा दिसतो आणि टक लावून पाहिलं तर ती धूळ हलत असते. गाजर बंद करून ट्रे कोरडा पडू दिला की बहुधा आटोक्यात येतं, आणि कोंडा वापरण्याआधी काही दिवस डीप फ्रीझरमध्ये ठेवला तर ही वेळच सहसा येत नाही. एक गोष्ट मात्र टाळता येत नाही: भुंगेरे स्वतःचीच अंडी खातात. त्यासाठी त्यांना जाळीच्या तळाच्या ट्रेमध्ये ठेवायचं, म्हणजे अंडी खालच्या कोंड्यात पडतात. विष्ठा बारीक वाळूसारखी असते, चाळली की वेगळी. पहिले पांढरे कोष दिसू लागले की बाकीच्या अळ्या काढणीला आल्या.

वेळेच्या हिशेबात रातकिडा जिंकतो. अंड्यातून निघाल्यावर सहा-सात आठवड्यांत तो प्रौढ होतो. मीलवर्मला त्याहून जास्त लागतात. सत्र लहान असेल तर हे महत्त्वाचं, म्हणून मीलवर्मची सुरुवात अंड्यांपासून न करता मध्यम आकाराच्या अळ्यांपासून करणं बरं. रातकिड्याच्या बाबतीत आणखी एक धोका आहे, डेन्सोव्हायरस. 2009-10 च्या सुमारास उत्तर अमेरिकेतली रातकिड्यांची मोठमोठी केंद्रं त्याने रिकामी केली आणि काहींनी दुसऱ्या जातीचे रातकिडे धरले. शेवटच्या काती टाकण्याच्या सुमारास झुंडीने मरू लागले तर उपाय नाही, आणि प्रयोगही संपला.

सुरक्षिततेच्या बाबतीत दोघांत निवडण्यासारखं थोडं आहे. कीटक आपण आतड्यासकट खातो, त्यामुळे आधी उपाशी ठेवणं आलं. युरोपीय संघाने वाळवलेल्या मीलवर्मला जून 2021 मध्ये परवानगी दिली तेव्हा मारण्याआधी किमान 24 तास उपास ही अट घातली. रातकिड्याला परवानगी फेब्रुवारी 2022 मध्ये मिळाली. नंतर गोठवणं आणि उकळत्या पाण्यात काही मिनिटं. उकळण्याने जिवंत जिवाणू मरतात, पण बॅसिलस सेरियसचे बीजाणू वाचतात. म्हणून उकळून ओले तसेच टेबलावर ठेवलेले कीटक न उकळलेल्यांइतकेच घातक होऊ शकतात. लगेच थंड करा किंवा लगेच वाळवा. वॉटर अ‍ॅक्टिव्हिटी, म्हणजे सूक्ष्मजीवांना वापरता येणाऱ्या पाण्याचं माप, 0.6 च्या खाली आली की सूक्ष्मजीवांची वाढ थांबते. यंत्र नसेल तर एक अळी मधून मोडून पाहा. कट्‌ आवाज न होता ती वाकली, तर आत ओल आहे.

मीलवर्मचं खास दुखणं कॅडमियमचं. कोंड्यात तो असेल तर अळीच्या अंगात साठतो, म्हणून कोंडा कुठून आला याची नोंद ठेवावी. दोघांनाही लागू असलेली मोठी गोष्ट म्हणजे अ‍ॅलर्जी. कोळंबी-खेकड्यातलं अ‍ॅलर्जी आणणारं प्रथिन, ट्रोपोमायोसिन, याही कीटकांत असतं आणि शिजवल्याने ते भरवशाने जात नाही. चव-चाचणी ठेवणार असाल तर कोळंबीची किंवा घरातल्या धुळीची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांना आधीच वगळा. चाळणी करताना मास्क लावा. विष्ठेची धूळ रोज नाकात गेली तर ज्याला आधी काही त्रास नव्हता त्यालाही अ‍ॅलर्जी होऊ शकते.

मग रातकिडा कुणी घ्यावा? ज्याचा विषय पीठ किंवा बिस्कीट आहे त्याने. मीलवर्म दळायला घेतला की चरबीमुळे पिठाऐवजी लगदा होतो, आणि ती चरबी बहुतांशी असंतृप्त असल्यामुळे खवट वासही लवकर येतो. आधी तेल काढावं लागतं. रातकिडा तुलनेने सरळ दळला जातो. बी-12 वर लिहायचं असेल तरी तोच. पण तेव्हाही पाळण्याच्या भानगडीत न पडता खाण्याच्या दर्जाचे गोठवलेले घ्या आणि पालनाचं प्रकरण वाचनावर लिहा. पालन, विश्लेषण आणि सुरक्षितता तिन्ही एका सत्रात स्वतः करून दाखवायचं असेल, तर मला वाटतं मीलवर्मचा ट्रे लावावा, आणि गाजराचे काप पातळ ठेवावेत.