काचेतला मी: खिडकीच्या शॉटमधून प्रतिबिंब काढण्याचा आठ महिन्यांचा अनुभव

गेले आठ महिने मी डाव्हिन्ची रिझॉल्व्ह या व्हिडिओ संपादनाच्या सॉफ्टवेअरच्या फ्यूजन पेजवर जवळजवळ एकाच प्रकारचे काम करत आहे: खिडकीच्या काचेत उमटलेले माझे आणि ट्रायपॉडचे प्रतिबिंब पुसणे. ठाण्यात घरोघरी जाऊन ज्येष्ठांच्या मुलाखती चित्रित करतो, आणि बैठकीच्या खोलीत चांगला उजेड खिडकीपाशीच मिळतो, त्यामुळे ही अडचण सतत येते.

ज्या शॉटने मला सर्वाधिक शिकवले तो येऊरच्या डोंगराकडे उघडणाऱ्या खिडकीचा. आजी डावीकडे बसलेल्या, उजव्या तावदानात पावसाळी गर्द झाडी, आणि त्या झाडीवर माझा पांढरा सदरा व ट्रायपॉडचे तीन पाय. शॉट स्थिर होता, १४ सेकंदांचा, म्हणजे सेकंदाला २५ च्या वेगाने ३५० फ्रेम्स. मी पहिल्यांदा माझ्या संपूर्ण आकृतीभोवती मास्क, म्हणजे बदल जिथे करायचा त्या भागाची सीमा, काढला आणि दोन तास वाया घालवले. प्रतिबिंब म्हणजे बाहेरच्या दृश्यावर चढलेला जास्तीचा उजेड असतो. उजळ आकाशावर तो बुडून जातो आणि गडद झाडीवर उठून दिसतो. माझे डोके आकाशावर पडले होते, तिथे पुसण्यासारखे काहीच नव्हते. म्हणून मास्क फक्त झाडीपुरता ठेवला, तेव्हा काम निम्म्यावर आले.

आता भरायचे काय, हा खरा प्रश्न. मुलाखतीच्या मध्यावर मी हेडफोनची वायर उचलायला दोन सेकंद खाली वाकलो होतो आणि तेवढ्या वेळात सदरा काचेतून नाहीसा झाला होता. मग त्याच क्लिपची दुसरी शाखा घेऊन TimeStretcher मध्ये Source Time २३० व्या फ्रेमवर स्थिर केला, ती शाखा एका चित्रावर दुसरे ठेवणाऱ्या Merge नोडच्या हिरव्या इनपुटला, मूळ क्लिप नारिंगी इनपुटला आणि Polygon मास्क निळ्या इनपुटला जोडला. खिडकीच्या गजाला लागून असलेली मास्कची बाजू मी गजाच्या कडेवरच ठेवली आणि झाडीतल्या कडेला तेवढी मऊ धार हवी होती, म्हणून दोन वेगळे मास्क केले. एकाच मास्कला Soft Edge दिला असता तर गजावरही धूसरपणा आला असता. ट्रायपॉडचे पाय मात्र मी वाकलो तरी जागेवरच होते. ते Paint नोडच्या Clone ने शेजारच्या झाडीतून भरले, पण त्या झाडीचा उजेड पायांच्या जागेशी जुळतो की नाही हे पाहूनच, कारण डोंगर खालच्या बाजूला अधिक गडद होत जातो.

पहिल्या फ्रेमला सगळे निर्दोष वाटले. शॉट चालवला तेव्हा दोष दिसला: आजूबाजूच्या झाडीत कॅमेऱ्याचे दाणे थरथरत होते आणि ठिगळ मात्र छायाचित्रासारखे निश्चल होते. ठिगळाच्या शाखेवर Film Grain जोडून त्याची ताकद शेजारच्या भागाशी जुळवावी लागली. त्यापुढे, दहाव्या सेकंदाला ढग आल्याने झाडी काळवंडली आणि ठिगळाचा उजळ चौकोन उघडा पडला. तिथे ठिगळावर ColorCorrector लावून Gain दोन कीफ्रेम देऊन उतरवला. असे दोष सापडावेत म्हणून मी आता शेवटी तात्पुरता BrightnessContrast नोड लावतो, गॅमा भरपूर चढवतो आणि शॉट पूर्ण वेगाने दोनदा बघतो. जी शिवण साध्या नजरेला दिसत नाही ती तिथे लगेच कळते.

फरशीवर पडणाऱ्या ट्रायपॉडच्या सावलीला मात्र ठिगळ लावू नये, असे माझे मत आहे. सावलीखाली फरशीचा पोत शाबूत असतो, फक्त उजेड कमी झालेला असतो. तेव्हा मास्कमध्ये Gain वाढवला की मूळ फरशीच परत येते. सावलीत आकाशाचा निळसर उजेड उरतो, म्हणून लाल थोडा अधिक वाढवावा लागतो, आणि पायापासून दूर जाताना सावलीची कड जितकी पसरत जाते तितकी मास्कची धारही मऊ करावी लागते.

हलत्या कॅमेऱ्याच्या शॉटमध्ये ही पद्धत मला अजून समाधान देत नाही. तिथे खिडकीची चौकट, बाहेरचा डोंगर आणि माझे प्रतिबिंब वेगवेगळ्या अंतरावर असल्याने तिघेही वेगवेगळ्या गतीने सरकतात. ठिगळ डोंगराच्या ट्रॅकला आणि त्याची चौकटीकडची कड चौकटीच्या ट्रॅकला बांधावी लागते, आणि अशा तीन-चार सेकंदांसाठी माझा एक पूर्ण दिवस जातो.

म्हणून चित्रीकरणाची सवयच बदलली. काचेसमोर सरळ उभे राहिल्यावर पोलरायझर फिल्टर फारसे काही करत नाही, तो तिरक्या कोनातच कामाला येतो. त्याऐवजी मुलाखत संपली की कॅमेऱ्याला हात न लावता कॅमेरा आणि काच यांच्यामध्ये स्टँडवर काळे कापड टांगतो, त्यातून फक्त लेन्स डोकावेल एवढे भोक ठेवतो, मी कापडाआड होतो आणि वीस सेकंद रिकामी खिडकी चित्रित करतो. ती वीस सेकंदे ठिगळ म्हणून वापरली की पाने हलतात, दाणे जिवंत राहतात, आणि Film Grain लावायची वेळ आता क्वचितच येते.