४५ टक्के जादा जागेची ऑफर आणि त्यातून हातात उरलेले १८ टक्के

मुंबईच्या उपनगरातली आमची २४ घरांची सोसायटी. रिकामी करून पाडली, आणि आज तिथे प्लिंथ आणि पत्र्याचं कुंपण आहे. तोवर बाहेर राहण्यासाठी बिल्डरने द्यायच्या भाड्याचे चेक परत येताहेत. पुनर्विकासात फसवणूक कशी होते हे वाचणाऱ्यांना ढोबळमानाने माहीत असतंच, म्हणून बिल्डरने काय काय गोड बोलून दाखवलं ते इथे लिहीत नाही. क्षेत्रफळ, भाडं आणि कॉर्पस, म्हणजे बिल्डरकडून प्रत्येक सभासदाला मिळणारा निधी, हे तीन आकडे एकाच कागदावर असताना तो कागद कसा वाचायचा, एवढंच लिहितो. आमच्याकडे पीएमसी, म्हणजे प्रकल्प सल्लागार होता, वकील होता, विशेष सर्वसाधारण सभेचं चित्रीकरणही झालं होतं. सभासद झोपलेले नव्हते. तरीही गंडवलं गेलं, कारण गंडवणूक आकड्यांत नव्हती. ती आकड्याच्या डोक्यावर लिहिलेल्या शब्दात होती.

तीन ऑफर आल्या होत्या. दोघांनी अनुक्रमे २६ आणि २८ टक्के जादा जागा देऊ केली, तिसऱ्याने ४५. सभेत प्रत्येकाने मनातल्या मनात हिशेब केला. आतून मोजलं तर घर ४५० चौरस फूट भरतं, त्याला ४५ टक्के वाढ, म्हणजे ६५२. तिसऱ्याला मतं पडली ती या ६५२ ला.

करारात मूळ क्षेत्रफळ आलं ४०२. मंजूर नकाशावरची ४८ फुटांची बाल्कनी, जी सगळ्यांनी कधीच बंद करून खोलीत घेतली होती, ती वजा झाली. बाल्कनी बंद करण्याची परवानगी आणि प्रीमियमची पावती ज्यांच्याकडे होती, त्यांचीही गेली, कारण पावत्या कुणी मागितल्याच नाहीत. ४०२ वर ४५ टक्के म्हणजे ५८३. हा ५८३ आकडा ऑफर लेटरच्या दुसऱ्या पानावरच्या तक्त्यात ठळक छापलेला होता. त्याच्या रकान्याचं शीर्षक होतं 'वापरण्यायोग्य क्षेत्र'. बाकीच्या दोन ऑफरमध्ये त्याच जागी 'रेरा कार्पेट' लिहिलं होतं.

पाहायचं होतं ते इथेच. तिन्ही तक्ते टेबलावर शेजारी शेजारी ठेवले होते, पीएमसीने तुलनेचा कागद बनवला होता, आणि त्या कागदावर तिन्ही आकडे एकाच 'कार्पेट' नावाच्या रकान्यात उतरवले होते. 'वापरण्यायोग्य' या शब्दाला कायद्यात व्याख्या नाही. रेरा कार्पेटला आहे: बाहेरच्या भिंती, सर्व्हिस शाफ्ट, खासगी बाल्कनी आणि खुली गच्ची त्यात धरत नाहीत, आतल्या पार्टिशनच्या भिंती मात्र धरतात. आमच्या ५८३ मध्ये नव्या नकाशातली ५२ फुटांची बाल्कनी गुंडाळलेली होती. ती काढली की रेरा कार्पेट उरतं ५३१. आतून वापरत होतो त्या ४५० च्या तुलनेत ही वाढ ८१ फुटांची, म्हणजे १८ टक्के. त्यातून आतल्या भिंतींचे साधारण २० फूट वजा करा, कारण जुनं ४५० आम्ही भिंत ते भिंत मोजलेलं होतं. उरतात ६१ फूट, साडेतेरा टक्के. टक्के ऐकून खूश होणाऱ्या प्रत्येकाने आधी विचारावं: टक्के कशावर, आणि वाढून येणारं क्षेत्र कोणत्या व्याख्येचं?

तीन फुल्यांची खूण असलेली एक तळटीपही होती: 'अंतिम क्षेत्रफळ मंजूर नकाशानुसार, ३ टक्के कमी-जास्त'. ५८३ चे ३ टक्के म्हणजे साडेसतरा फूट. २८ टक्केवाल्याचं रेरा कार्पेट होतं ५१५, बाल्कनी वेगळी. आमच्या ४५ टक्केवाल्याचं खरं ५३१. फरक १६ फुटांचा, आणि तो तळटीपेतच गिळला जात होता. म्हणजे ज्याच्यासाठी दोन प्रामाणिक ऑफर नाकारल्या, त्याने प्रत्यक्षात काहीच जास्त देऊ केलं नव्हतं.

एखादी ऑफर बाकीच्यांपेक्षा खूपच वर असेल तर तिला पैशात बदलून बघा. आमच्याकडे २४ घरं गुणिले ४०२ म्हणजे ९,६४८ चौरस फूट. जादा दिलेला प्रत्येक टक्का म्हणजे बिल्डरच्या विक्रीतून ९६ फूट कमी. नव्या घरांचा भाव २५,००० रुपये फूट धरला तर टक्क्याला २४ लाख. २८ वरून ४५ वर जायचं तर सतरा टक्के, म्हणजे सुमारे ४ कोटी १० लाख. प्लॉट तोच, रस्त्याची रुंदी तीच, जादा बांधकामाचे, म्हणजे टीडीआर आणि फंजिबलचे नियम तिघांनाही सारखे. मग एकाच बिल्डरला हे चार कोटी कुठून परवडतात? कुठूनही परवडत नाहीत. ५२ फुटांची बाल्कनी गुणिले २४ घरं केली की ३ कोटी १२ लाख तिथेच परत येतात. उरलेलं भाडं आणि कॉर्पस यांतून काढलं. पीएमसीने हा गुणाकार करून दाखवायला हवा होता. त्याची फी बिल्डरच्या खिशातून जाणार होती, हे सांगितलं की बाकी समजतं. पीएमसीची आणि वकिलाची फी सोसायटीने स्वतः भरावी, नंतर हवी तर बिल्डरकडून वसूल करावी. वर्गणी काढावी लागली तरी.

भाडं पाहा. आमच्या बिल्डरकडून ४०२ वर ६५ रुपये फुटाने महिना २६,१३० मिळणार होते. २८ टक्केवाला ९० रुपये देत होता, म्हणजे ३६,१८०. फरक महिन्याला १०,०५०. सभेत यावर उत्तर असं मिळालं की कॉर्पस दोन लाखांनी जास्त आहे, सहा लाख, त्यांचा चारच लाख. ते दोन लाख वीस महिन्यांत भाड्यात जिरतात. प्रकल्प तीन वर्षं चालला तर भाड्यातलं नुकसान ३ लाख ६१ हजार ८००, मग जास्तीचा कॉर्पस कुठे राहिला? कोणत्याही सभासदाने भाडं आणि कॉर्पस असे सुटे सुटे तोलू नयेत, दोन्ही ३६ महिन्यांच्या एकाच बेरजेत घालावेत. ३६ महिनेच धरा, ऑफरमध्ये २४ लिहिले असले तरी.

त्याहून वाईट होतं ते भाडं कधीपर्यंत, या वाक्यात. करारात 'बांधकाम पूर्ण होईपर्यंत' असं आहे. बांधकाम पूर्ण झालं हे कोण ठरवणार? बिल्डरचाच आर्किटेक्ट. त्याच्या पत्रानंतर ओसी, म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र, यायला वर्ष लागलं तरी त्या वर्षाचं भाडं सभासदाच्या अंगावर. शब्द हवेत: 'भोगवटा प्रमाणपत्रासह ताबा देऊन त्यानंतर ३० दिवसांपर्यंत'. पहिल्या ११ महिन्यांचं भाडं एकरकमी आलं, त्यामुळे सगळे निर्धास्त राहिले. पुढचे पोस्ट डेटेड चेक. एकोणिसाव्या महिन्याचा चेक परत आला, शेऱ्यात 'पेमेंट थांबवण्याच्या सूचना'. त्यानंतरचे सगळे तसेच.

कॉर्पसचे सहा लाख कशासाठी होते, तेही सांगतो. नव्या इमारतीत दोन लिफ्ट, फायर पंप, यांत्रिक पार्किंग. देखभाल फुटाला ९ रुपये धरली तर ५८३ फुटांना महिना ५,२४७. जुनी होती २,२००. वाढीव बोजा ३,०४७. सहा लाखांवर सात टक्के व्याज महिना ३,५०० देतं, म्हणजे कॉर्पस पूर्ण आला तरच निवृत्तिवेतनावरचा माणूस त्या घरात राहू शकतो. आलेत किती? करार नोंदवताना १० टक्के, ६०,०००. पुढचे ४० टक्के, २ लाख ४० हजार, हे 'पूर्ण सीसी मिळाल्यावर' असं लिहिलं होतं. मुंबईत सीसी, म्हणजे बांधकाम सुरू करण्याची परवानगी, आधी प्लिंथपर्यंतच मिळते, पुढची नंतर. बिल्डरने प्लिंथवर हात थांबवले की पूर्ण सीसी येत नाही आणि पैसे देण्याची वेळही येत नाही. कॉर्पसचा मोठा हप्ता सीसीशी जोडू नका. जुन्या घराची किल्ली बिल्डरला देण्याच्या दिवशी डिमांड ड्राफ्ट हातात पडला पाहिजे, त्याआधी दार उघडं करायचं नाही.

आता बँक हमी. सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ७९अ खाली शासनाने ज्या मार्गदर्शक सूचना काढल्या, ३ जानेवारी २००९ च्या आणि नंतर ४ जुलै २०१९ च्या, त्यांचा सगळा रोख सभासदाला अशा वेळी आधार राहावा हाच आहे. २००९ च्या सूचनांत प्रकल्प खर्चाच्या २० टक्के बँक हमी स्पष्ट लिहिलेली आहे. आमच्या करारात हमीच्या जागी विक्रीच्या दोन फ्लॅटवर 'बोजा' ठेवला. जे फ्लॅट अजून हवेत आहेत त्यांच्यावरचा बोजा कोण विकत घेणार! नुसतं भाड्यापुरतं बोलायचं तर २४ घरांचं महिन्याचं भाडं ६ लाख २७ हजार १२०, बारा महिन्यांची हमी ७५ लाखांच्या आसपास. एवढी हमी जो देऊ शकत नाही, तो इमारत काय बांधणार?

आणि हे घेऊन गेलो तर ऐकणारं कोण? उपनिबंधकांच्या कार्यालयाने सांगितलं की निवड प्रक्रिया नियमाप्रमाणे झाली, त्यांचा प्रतिनिधी सभेला हजर होता, पुढचा वाद तुमचा आणि विकासकाचा. म्हणजे शिक्का मारायला हजर, नंतर गैरहजर. महापालिकेच्या इमारत प्रस्ताव विभागात म्हणाले की ते एफएसआय, म्हणजे प्लॉटवर किती बांधकाम चालतं, तेवढं तपासतात, करारातलं क्षेत्रफळ त्यांचा विषय नाही. नकाशावर बाल्कनीची तुटक रेघ तिथल्या अभियंत्याने बोट ठेवून दाखवली, आणि 'हे दिवाणी प्रकरण' म्हणून फाइल मिटली. पोलीस ठाण्यातही तेच दोन शब्द, दिवाणी प्रकरण. २४ कुटुंबं घराबाहेर आहेत, त्यात सत्तरीच्या पुढचे सभासद आहेत, आणि प्रत्येक टेबलावरचा माणूस पुढच्या टेबलाकडे बोट दाखवतो. यांच्या अधिकारात काहीच नसेल तर सभेच्या चित्रीकरणापासून ठरावाच्या प्रतींपर्यंत आमच्याकडून एवढे कागद गोळा कशाला केले?

ज्यांचा करार अजून व्हायचा आहे त्यांनी प्रत्येक घराचा नकाशा वेगळा जोडून घ्या, त्यात रेरा कार्पेट आखलेलं आणि बाल्कनीचं क्षेत्र वेगळ्या रंगात, दोन्ही आकडे दोन ओळींत, प्रत्येक पानावर बिल्डरची सही. तीन टक्क्यांची सवलत फक्त जास्तीकडे ठेवा. क्षेत्र कमी भरलं तर त्या दिवशीच्या विक्री दराने भरपाई, हे कलम हवंच. पर्यायी जागेचा करार घर सोडण्यापूर्वी प्रत्येकाच्या नावे नोंदवलेला हवा. आणि बिल्डरने विक्रीचा भाग महारेरात नोंदवला असेल तर संकेतस्थळावर त्याने प्रकल्प पूर्ण होण्याची कोणती तारीख दिली आहे ती पाहा. ती तुमच्या २४ महिन्यांशी जुळत नसेल तर तुम्हाला सांगितलेली मुदत खोटी आहे.

ज्यांचे चेक परत आलेत त्यांनी सोसायटीच्या पत्राची वाट पाहू नये. चेक सभासदाच्या नावाचा आहे, बिल्डरला नोटीसही त्या सभासदानेच द्यावी लागते. बँकेचा मेमो हातात आल्यापासून ३० दिवसांच्या आत लेखी मागणीची नोटीस, ती मिळाल्यावर देणाऱ्याला १५ दिवस, आणि ते १५ दिवस संपल्यावर महिन्याच्या आत दंडाधिकाऱ्यांकडे चेक न वटल्याची, कलम १३८ ची तक्रार. पेमेंट थांबवलं म्हणून परत आलेला चेकही यात बसतो. आमच्यातल्या काहींना बिल्डरच्या माणसाने 'पुढच्या आठवड्यात पुन्हा भरा' असं सांगून ते तीस दिवस घालवले. चेक तीन महिन्यांच्या आत असेल तर तो पुन्हा भरता येतो आणि नवा मेमो मिळतो, त्यानंतर मात्र त्या चेकचा हा मार्ग बंद.