अरबी क्रियापदाचा मधला स्वर: जोडी पाठ करावी की नियमाने ओळखावा?

अरबी शिकताना पहिल्या काही आठवड्यांतच ही अडचण येते. ‘कतबा’ म्हणजे त्याने लिहिलं, ‘यक्तुबु’ म्हणजे तो लिहितो. मग ‘जलसा’, तो बसला, याचं ‘यज्लुसु’ व्हायला हवं. पण होतं ‘यज्लिसु’. आणि ‘फतहा’, त्याने उघडलं, याचं ‘यफ्तहु’. तिघांचा भूतकाळ एकाच साच्यातला, पण वर्तमानकाळात मधल्या अक्षरावर उ, इ, अ असे तीन वेगळे स्वर. हा स्वर चुकला की आज्ञार्थही चुकतो, कारण त्याचा पहिला स्वर यावरूनच ठरतो: ‘उक्तुब’ (लिही), पण ‘इज्लिस’ (बस).

यावर दोन वाटा आहेत. मदरशांतली जुनी पद्धत म्हणजे सहा ‘बाब’, म्हणजे मधल्या स्वरांच्या जोडीचे सहा साचे, शिकायचे आणि प्रत्येक क्रियापद भूतकाळ-वर्तमानकाळाच्या जोडीनेच पाठ करायचं. दुसरी वाट म्हणजे क्रियापदाच्या रूपावरून स्वर ओळखायचा. माझं मत असं की नियम शिकावेत, पण त्यांची हद्द कुठे संपते तेही नेमकं माहीत असावं.

सगळ्यात जास्त कामाचा नियम भूतकाळाच्या मधल्या स्वराचा. तिथे उ असेल तर वर्तमानातही उच: ‘कबुरा–यक्बुरु’ (मोठा होणे). तिथे इ असेल तर वर्तमानात जवळपास नेहमी अ: ‘शरिबा–यश्रबु’ (पिणे), ‘फरिहा–यफ्रहु’ (आनंदणे). अपवाद मोजके, आणि बहुतेक ‘वाव’ या अक्षराने सुरू होणारे, जसं ‘वरिसा–यरिसु’ (वारसा मिळणे). एक मेख मात्र आहे. छापील अरबीत ऱ्हस्व स्वर सहसा लिहीत नाहीत. शब्द वर्तमानपत्रातून उचलला असेल तर भूतकाळाचा मधला स्वरच हाती नसतो, आणि नियम लावायला जागा उरत नाही.

भूतकाळात मधे अ असेल तेव्हा खरा प्रश्न सुरू होतो. इथे घशातली सहा अक्षरं बघायची: हमजा, ऐन, गैन, खे आणि दोन्ही ह. यांपैकी एखादं दुसऱ्या किंवा तिसऱ्या जागी असेल तर वर्तमानात अ येण्याची दाट शक्यता असते. आपल्या मराठीत रुळलेल्या शब्दांवर हे ताडून बघता येतं. ‘जमा’च्या धातूत ऐन शेवटी आहे, म्हणून ‘जमआ–यज्मउ’. ‘जाहीर’मधला ह मधे आहे, म्हणून ‘जहरा–यज्हरु’. ‘खर्च’चा खे मात्र पहिल्या जागी, तो धरायचा नाही, म्हणून ‘खरजा–यख्रुजु’. ‘हाजिर’चंही तसंच, ‘हदरा–यह्दुरु’.

आता ‘दाखल’ घ्या. खे अगदी मधे आहे, तेव्हा ‘यद्खलु’ यायला हवं. येतं ‘यद्खुलु’! ‘रजआ’ (परतणे) याला शेवटी ऐन असूनही ‘यर्जिउ’. घशातलं अक्षर अ येऊ देतं, पण सक्ती करत नाही. उलट दिशेने मात्र नियम चांगला टिकतो: भूतकाळात मधे अ आणि पुढच्या दोन जागी असं अक्षर नाही, तर वर्तमानात अ सहसा येत नाही. तीनातला एक पर्याय तरी गळाला.

उरलेल्या उ आणि इ यांत निवड करायला साध्या क्रियापदांपुरता भरवशाचा नियम नाही. ‘सकना–यस्कुनु’ (राहणे) आणि ‘जलसा–यज्लिसु’ (बसणे) यांच्या अर्थात किंवा अक्षरांत असं काही नाही की ज्यावरून फरक आधी कळावा. इथे जोडी पाठ करणंच बरं. धातूत ‘वाव’ किंवा ‘ये’ हे अक्षर असेल तर काम पुष्कळ सोपं होतं: मधे वाव असेल तर ‘काला–यकूलु’ (म्हणणे), ये असेल तर ‘बाआ–यबीउ’ (विकणे). तरी ‘नामा–यनामु’ (झोपणे) सारखी काही आहेतच.

अंदाजाची खरी परीक्षा घ्यायची तर आपल्या ‘हिशेब’चा धातू घ्या. ‘हसबा–यह्सुबु’ म्हणजे मोजणे. ‘हसिबा–यह्सबु’ म्हणजे समजणे, वाटणे. ‘हसुबा–यह्सुबु’ म्हणजे कुलीन असणे. अक्षरं तीच, अर्थ तीन. दुसऱ्याचं आणि तिसऱ्याचं वर्तमान भूतकाळावरून बरोबर ओळखता येतं; पहिल्याला नियम फक्त ‘अ नाही’ एवढंच सांगतो. त्यात दुसऱ्याचं ‘यह्सिबु’ हेही शुद्ध रूप आहे. कुराणाच्या पठणपरंपरांपैकी हफ्सच्या पठणात ‘यह्सबु’ ऐकू येतं, नाफीच्या पठणात ‘यह्सिबु’. त्यामुळे दोन शिक्षकांनी दोन रूपं सांगितली तर लगेच कुणाला चूक ठरवू नये.

हान्स वेरच्या अरबी शब्दकोशात भूतकाळाच्या रूपापुढे a, i किंवा u असं एकच अक्षर छापलेलं असतं; तोच हा मधला स्वर. कधी दोन अक्षरं असतात, तेव्हा दोन्ही रूपं चालतात. वहीत शब्द उतरवताना ते अक्षर तिथल्या तिथे टिपून घ्यावं, आणि ‘दखला’सारखं नियमाला न जुमानणारं रूप असेल तर त्याखाली लाल रेघ मारावी.