रोजचा एक ‘हॅलो’: सात महिन्यांनंतरचा अनुभव

माझा मुलगा मराठी माध्यमाच्या शाळेत आठवीत शिकतो. गेल्या जूनपासून तो रोज संध्याकाळी सात वाजता माझ्या फोनवरून माझ्या आत्याला ‘हॅलो’ असा संदेश पाठवतो आणि पुढची पंधरा मिनिटे दोघांचे लेखी इंग्रजी चालते. आत्या इंग्रजीच्या निवृत्त शिक्षिका असून मिरजेला राहतात.

पहिले पंधरा दिवस ‘हाउ आर यू’ आणि ‘फाइन’ यांपुढे गाडी सरकली नाही. मग आत्यांनी ‘फाइन’ म्हणून सुटता येणार नाही असे प्रश्न सुरू केले: आज डब्यात काय उरले, आणि का उरले? कारल्याची तक्रार करायला मात्र चिरंजीवांना तीन ओळी सुचल्या.

खरी अडचण भूतकाळाची निघाली. त्याने ‘आय हॅड गॉन टू मार्केट’ असे लिहिले, तेव्हा आत्यांनी चूक न दाखवता ‘ओह, यू वेंट टू द मार्केट? व्हॉट डिड यू बाय?’ असे विचारले. उत्तर आले, ‘आय हॅड बॉट पेन.’ त्याचे लक्ष प्रश्नाच्या अर्थाकडे होते, रूपाकडे नव्हते. त्यामुळे तीन आठवडे ही हळुवार दुरुस्ती वाया गेली. अखेर त्यांनी मराठीतच समजावले की आपण साध्या घटनेलाही ‘गेलो होतो’ म्हणतो, पण इंग्रजीतले ‘हॅड गॉन’ सहसा भूतकाळातल्या दुसऱ्या एखाद्या घटनेच्या आधी काय घडले ते सांगते. जसे, मी थांब्यावर पोहोचलो तेव्हा बस गेली होती. त्यानंतर चुकलेले वाक्य त्याने पुन्हा लिहिल्याशिवाय त्या पुढे जात नसत. एका आठवड्यात एकच प्रकारची चूक धरायची, बाकीच्यांकडे काणाडोळा करायचा, हा त्यांचा नियम मला आधी ढिला वाटला होता, आता पटतो. मधल्या काळात तो ‘आय डिड नॉट वेंट’ लिहू लागला, तेव्हा मी वैतागलो, पण भूतकाळ दाखवायचा असतो हे त्याला कळले आहे, फक्त तो दोनदा दाखवतोय, असे आत्यांचे म्हणणे होते. ‘अ’ आणि ‘द’ मात्र अजूनही गळतात. मराठीत त्यांच्या जोडीचे शब्दच नाहीत.

एक फसगत सांगायला हवी. फोनवर अचूक दिसणारे ‘बिकॉज’चे स्पेलिंग चाचणीत चुकले, कारण ते इतके दिवस कीबोर्डच लिहीत होता. आम्ही आपोआप होणारी दुरुस्ती आणि शब्दांच्या सूचना दोन्ही बंद केल्या. त्यानंतरचा आठवडाभर संदेश वाचवत नव्हते.

बोलण्यात फारसा फरक पडलेला नाही. लिहिताना पाच मिनिटे विचार करता येतो, समोरचा माणूस तेवढा थांबत नाही. डिसेंबरमध्ये पाहुण्यांनी इंग्रजीत शाळेविषयी विचारले, तर तो माझ्याकडेच पाहत राहिला. म्हणून जानेवारीपासून ‘हॅलो’नंतर अर्ध्या मिनिटाचा आवाजी संदेश पाठवायचे ठरले आहे. तो तीनदा पुसून चौथ्यांदा पाठवतो, आणि तेही स्वयंपाकघराचे दार लावून.