लीजची गाडी मुदतीआधी परत केली आणि १,९८,९०० रुपयांचं बिल आलं

राग अजून गेला नाही, लाज तर त्याहून जास्त वाटते. बियाणं-औषधांच्या कंपनीत मी सोळा वर्षं फिल्डवर आहे. दुकानदाराकडून उधारी वसूल करताना प्रत्येक पावतीवर सही-शिक्का घेतल्याशिवाय मी पायरी उतरत नाही. आणि स्वतःच्या दारातून साडेआठ लाखांची गाडी गेली तेव्हा कोऱ्या चौकटीखाली सही करून दिली.

गाडी घेतली १० जून २०२४ ला, ३६ महिन्यांच्या लीजवर. भाडं जीएसटी धरून महिना २४,८०० रुपये, त्यात विमा आणि सर्व्हिसिंग आलं. डिपॉझिट ५०,०००. लातूर, औसा, निलंगा, उदगीर असा माझा भाग, कंपनी गाडीभत्ता देत होती, म्हणून हिशोब जमत होता. लोक आता म्हणतात, कर्ज काढून घ्यायची होतीस. पण तेव्हा डाऊन पेमेंटला पैसे नव्हते आणि भत्ता भाड्याच्या पावतीवरच मिळायचा, हे त्यांना कोण सांगणार!

सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत सोयाबीन पाण्यात गेलं, दुकानदारांची वसुली थांबली, आमच्या कंपनीने दोन भाग एकत्र केले आणि डिसेंबरपासून भत्ता बंद झाला. गाडी परत देणं भागच होतं.

लीज कंपनीच्या पुण्याच्या माणसाला फोन केला. गोड बोलणारा. म्हणाला, "सर, टेन्शनच घेऊ नका. दोन महिन्यांचं भाडं पेनल्टी, बाकी डिपॉझिट परत." दोन महिने म्हणजे ४९,६००, म्हणजे डिपॉझिटमध्ये जवळजवळ फिटंफाट. मी म्हणालो, हे मेलवर टाका. तो म्हणाला, "सर, गाडी यार्डला लागल्याशिवाय सिस्टीममधून आकडा निघतच नाही."

इथं थांबायला हवं होतं. रोज रात्री हे वाक्य आठवतं. गाडी हातात असताना जो आकडा निघत नाही, तो गाडी गेल्यावर माझ्या सोयीचा कसा निघेल? दुकानदार मला असं म्हणाला असता तर मी त्याच्या गोदामातला माल उचलून आणला असता. बायको म्हणालीसुद्धा, "अहो, कागद आल्याशिवाय गाडी देऊ नका." मी म्हणालो, तुला काय कळतंय त्यातलं. हेही लिहून टाकतो.

करारात काय होतं ते नंतर वाचलं. अकराव्या पानावर: 'दोन महिन्यांचे भाडे किंवा उर्वरित भाड्याच्या ३० टक्के, यांपैकी जी रक्कम जास्त असेल ती.' त्या पोराने वाक्याचा पहिला अर्धा भाग तेवढा मला वाचून दाखवला होता. माझे १९ महिने झाले होते, १७ उरले होते. १७ गुणिले २४,८०० म्हणजे ४,२१,६००, त्याचे ३० टक्के १,२६,४८०. लीजवाल्याकडून 'दोन महिने' ऐकलंत की 'जी रक्कम जास्त असेल ती' हे शब्द करारात शोधा. सहा किंवा त्याहून कमी महिने उरले असतील तर तुम्ही दोन महिन्यांच्या भाड्यात सुटाल. त्याहून जास्त उरले असतील तर टक्केवारीच बसणार. म्हणजे गाडी जितकी लवकर परत कराल तितका दंड जास्त.

९ जानेवारीला गाडी न्यायला एक ड्रायव्हर आला. येणार होता दुपारी बाराला, पोचला संध्याकाळी सातला. औसा रोडला आमच्या घरासमोर दिव्याचा खांब आहे, पण तो बंद. अंधारात मोबाईलच्या उजेडात त्याने चार फोटो काढले. गाडीवर चार दिवसांची धूळ होती. पावती काढली त्यात 'वाहनाची स्थिती' अशी मोठी चौकट, सगळी कोरी. मी म्हणालो, दादा, यात भरा की काही. तो म्हणाला, "साहेब, मी नुस्ता गाडी न्यायलोय. तपासणी यार्डला होती. सही करा, मला रात्रीतून पुणं गाठायचंय." बिचारा सकाळपासून उपाशी होता. बायकोने त्याला भाकरी-पिठलं दिलं आणि मी कोऱ्या चौकटीखाली सही दिली. दोन्ही किल्ल्या दिल्या, पावतीवर लिहिलं 'किल्ली'. एक की दोन, काही नाही.

२८ जानेवारीला हिशोब आला. पेनल्टी १,२६,४८०. जादा किलोमीटरचे २१,१२०. 'तपासणी पूर्ण होईपर्यंतचे भाडे' १४,४००. दुरुस्ती आणि हरवलेली किल्ली ३६,९००. एकूण १,९८,९००. डिपॉझिट वजा जाता १,४८,९०० सात दिवसांत भरा. घेरी येणं म्हणजे काय ते त्या दिवशी कळलं.

किलोमीटरचं बघा. करारात तीन वर्षांना ५४,००० किलोमीटर. गाडी चालली होती ३१,१४०. मी निश्चिंत, अजून जवळजवळ तेवीस हजार शिल्लक आहेत म्हणून. पण गाडी मुदतीआधी दिली की मर्यादाही त्या प्रमाणात कापतात. महिना १,५०० धरून १९ महिन्यांचे २८,५००, म्हणजे २,६४० जादा, दर आठ रुपये. हे गणित आधी माहीत असतं तर शेवटचे दोन महिने उदगीरला एसटीने गेलो असतो.

भाड्याचं तर त्याहून भारी. गाडी नेली ९ तारखेला, यार्डमध्ये तपासली २७ ला. अठरा दिवस गाडी त्यांच्या आवारात उभी आणि रोजचे ८०० रुपये मी भरायचे! कारण करारात लीज संपते 'परत घेतल्याच्या' तारखेला नव्हे, 'तपासणी अहवालाच्या' तारखेला. तपासायला किती दिवस लावायचे ते मात्र कुठेच लिहिलेलं नाही. परत करण्याच्या मेलमध्ये एक ओळ घाला: गाडी तुमच्या ताब्यात गेल्यापासून इतक्या दिवसांत तपासणी करा, मी हजर राहीन. ते ऐकतील असं नाही, पण कागद तुमच्याकडे राहतो.

दुरुस्तीत तीन बाबी होत्या: पुढच्या बंपरच्या ओरखड्यांचे ७,८००, डाव्या मागच्या दाराच्या डेंटचे ९,४००, समोरच्या काचेवर खडा लागला होता त्याचे ११,२००. डेंट माझाच, नाकारत नाही. उदगीरच्या गोदामात हातगाडी लागली होती, तळहाताएवढा. पण विमा भाड्यातच होता ना! गाडी देण्याआधी क्लेम केला असता तर सक्तीची वजावट म्हणून एका क्लेमला साधारण हजार रुपये गेले असते. मी म्हणालो, द्यायचीच आहे तर कशाला वर्कशॉपच्या चकरा. गाडी एकदा ताब्यातून गेली की क्लेम टाकणं तुमच्या हातात राहत नाही आणि वर्कशॉपचं एस्टिमेट सरळ तुमच्या नावावर येतं. एस्टिमेट म्हणतोय, बिल नाही. बिल मागितलं तर आजवर मिळालेलं नाही. मार्चमध्ये माझ्या साडूला जुन्या गाड्यांच्या एका ॲपवर तीच गाडी दिसली. डाव्या मागच्या दारावर तोच डेंट, तिथंच.

दंडाचं एकवेळ सोडा, सही माझी होती. पण न केलेल्या दुरुस्तीचे पैसे म्हणजे काय म्हणायचं?

पोलीस ठाण्यात गेलो. दीड तास बाकावर बसवून हवालदार म्हणाले, "ही दिवाणी बाब आहे, कोर्टात जावा." अर्ज तरी घ्या आणि पोच द्या म्हटलं तर म्हणाले, साहेब बंदोबस्तात आहेत. तीन वेळा गेलो, तिन्ही वेळा साहेब बंदोबस्तात. आरटीओत गेलो तर आरसीवर मालक कंपनी, "तुम्ही कोण?" रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार केली, तर ही लीज कंपनी बँकही नाही आणि एनबीएफसीही नाही म्हणून ती बंद. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ ला फोन केला. त्यांनी तक्रार कंपनीकडे पाठवली, कंपनीने उत्तर दिलं 'करारानुसार', आणि त्या एका शब्दावर तक्रार निकाली! फसवणारा जे म्हणाला तेच उत्तर म्हणून मलाच परत पाठवायचं असेल तर मध्ये हेल्पलाइन कशाला?

जिल्हा ग्राहक आयोगात गेलो तर तिथल्या एका वकिलांनी निदान नीट समजावून सांगितलं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात 'अन्याय्य करार' अशी व्याख्याच आहे, आणि नुकसानीच्या मानाने फारच जास्त दंड लावणं त्यात बसतं. पण अन्याय्य कराराची तक्रार जिल्हा आयोगाला ऐकता येत नाही, ती राज्य आयोगाकडे. त्यांचं खंडपीठ छत्रपती संभाजीनगरला बसतं, म्हणजे प्रत्येक तारखेला लातूरहून जाऊन-येऊन एक दिवस आणि कामाचा खाडा. न केलेली दुरुस्ती, न बोलावता केलेली तपासणी ही सेवेतली त्रुटी, ती लातूरला चालेल. एकाच गाडीसाठी दोन दारं. करारात लवाद गुरुग्रामला लिहिलाय म्हणून मी घाबरलो होतो, पण ते कलम असलं तरी ग्राहकाला आयोगात जाता येतं, असं ते म्हणाले. १८७२ च्या करार कायद्याचं कलम ७४ सुद्धा त्यांनी दाखवलं: करारात आकडा लिहिला म्हणून तो पूर्ण मिळेलच असं नाही, वाजवी भरपाईच मिळते, लिहिलेला आकडा ही वरची मर्यादा. नोटीस पाठवली आहे, फी ५,०००.

दरम्यान ५ फेब्रुवारीला ऑटो डेबिटने खात्यातून आणखी २४,८०० गेले. गाडी नाही, लीज संपलेली, भाडं चालू. मँडेट मी रद्दच केलं नव्हतं. गाडी गेली त्याच दिवशी बँकेत जाऊन रद्द करा आणि अर्जावर पोच घ्या. मी पाच आठवडे उशिरा गेलो.

एकच गोष्ट वाचली. गाडी जायच्या आधी माझी धाकटी बोनेटजवळ उभी राहिली, आईने तिचा फोटो काढला, आणि तिच्या दोन्ही हातांत एकेक किल्ली आहे. मागे ड्रायव्हर आणि नंबर प्लेट दिसते. तो फोटो मेलवर टाकला तेव्हा नऊ दिवसांनी किल्लीचे ८,५०० रुपये काढून नवीन हिशोब आला. आता मागणी १,४०,४०० रुपयांची आहे. फेब्रुवारीचे २४,८०० त्यात कुठेच वजा नाहीत.