जुन्या भिंतीला टच-अप: मशीनवर मॅच केलेला रंग घ्यावा की जुना डबा उघडून हाताने जुळवावा

खिळा काढला, शेल्फ उतरवलं, भोकांत लांबी म्हणजे पुट्टी भरली, घासून सपाट केलं, इथपर्यंत सगळ्यांचं बरं चाललेलं असतं. अडचण येते ती शेवटचा रंग लावताना, कारण भिंत सातआठ वर्षांची झालेली असते आणि तिचा रंग आता शेड कार्डावरच्या नंबरासारखा राहिलेला नसतो. माझ्याकडे हॉलची फिकट पीच रंगाची भिंत होती, मॅट इमल्शन, नऊ वर्षं जुनी, आणि शेल्फ काढल्यावर तळहाताएवढे दोन पांढरे डाग उरले होते. पूर्ण भिंत रंगवायची नव्हती म्हणून मी आधी दुकानातल्या मशीनचा रस्ता धरला, मग हाताचा, दोन्ही एकाच भिंतीवर करून झालं म्हणून जमेल तेवढं सांगतो.

तिसराही एक पर्याय बऱ्याच जणांच्या डोक्यात असतो, तो लगेच बाजूला करू. जुन्या डब्यातला रंग तसाच लावणं. डबा तोच, नंबर तोच, तरी ठिगळ दिसतंच, कारण डब्यातल्या रंगाने ऊन पाहिलेलं नसतं. पिवळ्या-केशरी-गुलाबी छटा देणारी काही रंगद्रव्यं सेंद्रिय असतात, ती उन्हाने आधी उडतात, आणि ऑकर हा मातकट पिवळा, रेड ऑक्साइड, काळा आणि पांढरा ही मंडळी तशीच टिकतात. म्हणजे भिंत नुसती फिकट होत नाही, तिचा तजेला जातो आणि ती जरा मातकट होते. माझ्या भिंतीवर डब्यातला रंग लावला तर ताज्या संत्र्याच्या सालीसारखा उठून दिसत होता.

आता मशीन. सोय खरंच मोठी आहे, ते मान्य करायलाच हवं. रंगाचा तुकडा घेऊन गेलात की मशीन त्याच्यावरून परत येणारा प्रकाश मोजतं, पांढऱ्या बेसमध्ये कुठलं रंगद्रव्य किती टाकायचं ते काढतं आणि पंधरा मिनिटांत डबा हातात. फक्त तुकडा कुठून काढायचा यात लोक फसतात, मीही पहिल्यांदा फसलो. भिंत खराब दिसू नये म्हणून आपण कपाटामागचा किंवा दाराआडचा तुकडा कापतो, आणि नेमका तोच भाग उडालेला नसतो, मग मशीन इमानदारीने न उडालेला रंग बनवून देतं. तुकडा काढायचा तो जिथे लांबी भरणार आहात तिथूनच, डागाच्या अगदी कडेचा, नाण्यापेक्षा थोडा मोठा, ब्लेडने चौकोन आखून पोपडा अलगद उचलायचा. आणि आधी ती जागा ओल्या फडक्याने पुसून वाळू द्यायची, नाहीतर मशीन धुळीचा रंग जुळवतं.

दुसऱ्यांदा मी हे सगळं नीट केलं आणि दुपारी रंग लावला तेव्हा खरंच खूप आनंद झाला, डाग कुठे होते ते शोधावं लागत होतं. संध्याकाळी दिवे लावले आणि दोन्ही ठिगळं गुलाबीसर होऊन भिंतीवर आली. आधी वाटलं ओलं असेल, पण दुसऱ्या संध्याकाळीही तेच, तिसऱ्याही. सकाळी गायब, दिवे लागले की हजर. नवीन तुकडा कापून परत डबा बनवून आणला, तोही संध्याकाळी तसाच दिसला, छटा किंचित वेगळी इतकंच. दिवसभराचं काम संपवून सोफ्यावर बसलं की नजर थेट तिकडेच जायची, आणि याच एका गोष्टीवरून माझं मन मशीनवरून उठलं.

कारण नंतर कळलं आणि ते मशीनच्या चुकीचं नाही. दोन रंग वेगवेगळ्या रंगद्रव्यांनी बनलेले असले तरी एका प्रकाशात अगदी सारखे दिसू शकतात, पण प्रकाश बदलला की दोघांचं परत फेकणं वेगळं होतं आणि फरक उघडा पडतो. दुकानातल्या मशीनकडे ठराविकच रंगद्रव्यं असतात, भिंतीवर मूळ कुठली वापरली होती ते त्याला ठाऊक नसतं, ते आपल्याकडची जुळवून तोच परिणाम काढतं. काही भिंतींवर हे जुळूनही जात असणार, विशेषतः साध्या क्रीम किंवा राखाडी रंगांवर, त्यामुळे मशीन वाईटच असं मी म्हणणार नाही. अगदी छोटा डबा मागितला की रंगद्रव्याची मात्रा मशीनच्या सर्वात लहान थेंबापर्यंत येते आणि तिथेही थोडा फरक पडू शकतो, म्हणून घ्यायचाच तर एक लिटरचा घ्यावा असं मला वाटतं.

मग मी माळ्यावरचा जुना डबा खाली काढला. विचार साधा होता, भिंतीवर जी रंगद्रव्यं आहेत तीच या डब्यात आहेत, उडालेला भाग तेवढा कमी करायचा, म्हणजे दिव्याखालीही दोघं सारखेच वागतील. शंभर टक्के नाही, कारण भिंतीवरचं काही द्रव्य उडून गेलंय आणि डब्यात ते अजून आहे, पण पांढऱ्यापासून सुरू करण्यापेक्षा हे जवळचं. डबा आधी तपासला, वरची साय काढून टाकली, तळापर्यंत पाच मिनिटं ढवळला आणि जुन्या पातळ फडक्यातून गाळला. कुजका वास येत असेल किंवा ढवळूनही दाणे मोडत नसतील तर तो डबा टाकूनच द्यावा, त्यावर वेळ घालवू नये.

इथे एक क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे. जुन्या रंगात पांढरा ओतत बसायचं नाही, उलट करायचं, वाटीत आधी पांढरा मॅट इमल्शन घ्यायचा आणि त्यात जुना रंग थोडाथोडा घालायचा. फिकटाकडून गडदाकडे जाणं थोडक्या रंगात होतं, गडदाला फिकट करायला मात्र पांढरा ओतत जावा लागतो आणि बघताबघता वाटीची बादली होते. मी औषधाच्या बिनसुईच्या सिरिंजने मोजलं, चाळीस मिली पांढरा, त्यात दहादहा मिली जुना रंग. जुना रंग साठ मिली झाला तेव्हा उजळपणा भिंतीशी जुळला, पण रंग अजून ताजा वाटत होता आणि पांढऱ्यामुळे थोडा थंडही झाला होता, भिंतीत जो मातकट उबदारपणा होता तो नव्हता. अशा वेळी हात काळ्या स्टेनरकडे, म्हणजे छटा बदलायला थेंबथेंब घालायच्या घट्ट रंगाकडे जातो, तो आवरायचा, काळ्याने असे फिकट रंग निळसर-राखाडी, मेल्यासारखे होतात. मी रॉ अंबर, म्हणजे मातकट तपकिरी, स्टेनर टूथपिकच्या टोकावर घेऊन दोनदा ढवळला, वाळवून पाहिलं तर किंचित लालसर वाटलं, मग यलो ऑकरचं एक टोक. तेवढ्यात जमलं.

वाळवून पाहिलं हे महत्त्वाचं, कारण इमल्शन ओलं असताना दुधाळ दिसतं आणि वाळल्यावर गडद होतं. वाटीतल्या रंगाची भिंतीशी तुलना करणं म्हणजे फसवणूकच. प्रत्येक वेळी पांढऱ्या जाड कार्डाच्या तुकड्यावर दोन हात मारायचे, हेअर ड्रायरने वाळवायचे, आणि मग कार्डाच्या मधोमध पंचने भोक पाडून कार्ड भिंतीला टेकवायचं. भोकातून भिंत दिसते आणि भोवती आपला रंग. भोक डोळ्याला टोचत असेल तर रंग जमलेला नाही, भोक विरघळल्यासारखं झालं की जमला. हे दिवसा खिडकीच्या उजेडात करायचं, मग संध्याकाळी घरातल्याच दिव्याखाली परत करायचं, आणि मगच लांबीला हात लावायचा. माझी अशी नऊ कार्डं झाली, दीड दुपार गेली, हा या पद्धतीचा खरा तोटा आहे आणि तो लहान नाही.

एक फायदा मला सुरुवातीला दिसला नव्हता. भिंत सगळीकडे सारखी उडालेली नसते, खिडकीजवळचा डाग आणि कोपऱ्यातला डाग यांच्या भोवतीच्या रंगातही फरक होता. मशीनने एका तुकड्यावरून एकच रंग दिला होता. वाटीत मात्र खिडकीजवळचा डाग संपल्यावर मी उरलेल्या रंगात आणखी पाच मिली जुना रंग घातला आणि कोपऱ्यातला डाग त्याने लावला.

आता लावण्याबद्दल थोडं, कारण रंग कुठल्याही वाटेने आणला तरी इथे घोळ होऊ शकतो. लांबीवर थेट रंग लावला तर ती रंगातलं पाणी आणि चिकट घटक शोषते आणि तेवढाच भाग कोरडा, निस्तेज दिसतो. समोरून पाहिलं तर छान, भिंतीला गाल लावून कडेने पाहिलं तर डाग. म्हणून लांबीवर प्रायमरचा एक हात, फक्त लांबीपुरता. पांढरा इमल्शनही मूळ रंगासारखाच मॅट हवा, चकाकीवाला मिसळला तर छटा जुळूनही ठिगळ चमकतं. मूळ भिंत रोलरने झालेली असेल तर टच-अपही छोट्या रोलरनेच, ब्रशच्या रेघा वेगळ्या उठतात. आणि कडा चौकोनी ठेवू नये, शेवटी जवळजवळ कोरडा रोलर बाहेरच्या बाजूला हलका फिरवून कड विरवायची.

तुमच्याकडे जुना डबा नसेल तर मशीनशिवाय इलाज नाही, पण तेव्हाही डबा आणून त्यालाच वाटीत घेऊन अंबर-ऑकरने सुधारता येतं, दिव्याखालचा फरक पूर्ण जाईलच असं नाही पण कमी होतो. डाग भिंतीच्या बराच मोठा भाग व्यापत असतील, किंवा भिंतीवर जरा जास्त चकाकी असेल, तर मात्र या दोन्ही गोष्टींत न पडता ती एक भिंत कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत मारून घेणंच बरं, कोपऱ्यात प्रकाश तसाही बदलतो, तिथे थोडा फरक डोळ्याला कळत नाही. माझ्यासारखे तळहाताएवढे दोनतीन डाग असतील आणि मूळ डबा घरात असेल तर मी तरी परत दुकानात जाणार नाही. उरलेला रंग मी एका लहान काचेच्या बरणीत काठोकाठ भरून ठेवलाय, झाकणावर चाळीस पांढरा, साठ जुना, अंबर दोन टोकं, ऑकर एक टोक, कोपऱ्यासाठी वर पाच जुना, असं लिहून.