सुरमईचं लोणचं आणि जवळ्याची चटणी: आठ महिने वापरल्यानंतर

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मालवणला गेलेलो तेव्हा एका घरगुती स्टॉलवरून सुरमईच्या लोणच्याच्या पाव-पाव किलोच्या दोन बरण्या आणि जवळ्याच्या चटणीची दोन पाकिटं आणली, एक सुकं खोबरं घातलेली आणि एक नुसती जवळा-लसूण-मिरचीची. चवीबद्दल तक्रार शून्य. तुकडे आधी चांगले कडक तळलेले, व्हिनेगरचा आंबटपणा बरोबर, आणि वरणभातासोबत एक तुकडा घेतला की भाजी नसली तरी चालतं.

आता टिकण्याचं. लेबलवर लिहिलेलं, ६ महिने टिकेल, फ्रिजची गरज नाही. मी एक बरणी फ्रिजमध्ये ठेवली आणि दुसरी ओट्यावर राहिली कारण सासूबाईंचं म्हणणं, लोणचं कधी फ्रिजमध्ये ठेवतात का गं. तिसऱ्या आठवड्यात ओट्यावरच्या बरणीचं झाकण उघडताना फुस्स आवाज आला. बघते तर तुकड्यांच्या कडेने बारीक बुडबुडे, आणि बरणीच्या गळ्याशी जो मसाला तेलाच्या वर चिकटून राहिलेला त्यावर पांढरी कापसासारखी बुरशी. चूक आमचीही होती, प्रत्येक वेळी तुकड्यासोबत चमचाभर तेल घ्यायचो त्यामुळे तेलाची पातळी खाली गेलेली. सासूबाई म्हणाल्या वरचं काढून टाक, खालचं चांगलं असेल. मी अख्खी बरणी टाकली.

कारण कैरीच्या लोणच्याचा हिशोब माशाला लावता येत नाही. कैरी मुळातच आंबट, मासा नाही. वरचं तेल हवा अडवतं म्हणून बुरशी धरत नाही, पण तेल जंतू मारत नाही, उलट हवा नसलेल्या जागीच बोट्युलिझम नावाच्या विषबाधेचे जंतू वाढतात आणि त्यांचं विष वासाने किंवा चवीने कळेलच असं नाही. तळण्याने त्यांचे बीजाणूही मरत नाहीत. त्यांना रोखायचं तर आंबटपणा लागतो, पीएच ४.६ च्या खाली, आणि तो नुसता रश्शात असून उपयोग नाही, तुकड्याच्या आतपर्यंत मुरायला हवा. फक्त मिठावर टिकवायचं म्हटलं तर माशातल्या पाण्याच्या मानाने दहा टक्क्यांच्या आसपास मीठ लागेल, ते तोंडात धरवणार नाही. मिरची, मोहरी, मेथी, हळद थोडीफार मदत करतात पण त्यांच्या भरवशावर मासा बाहेर ठेवू नये. म्हणजे घरी आपण खातो तेवढ्या मिठाच्या लोणच्यात खरं काम व्हिनेगर, तळून उडवलेलं पाणी आणि फ्रिज यांचंच.

फ्रिजमधली बरणी पावणेदोन महिन्यांत संपवली, शेवटपर्यंत चांगली होती. नियम एवढाच, कोरडा चमचा, आणि तुकडे तेलाबाहेर डोकावायला लागले की तेल कडकडीत तापवून, पूर्ण गार करून वर ओतायचं. फ्रिजमध्ये तेल जरा घट्ट आणि गढूळ होतं, ते खराब झालेलं नसतं, दहा मिनिटं बाहेर ठेवलं की मोकळं होतं. घरी करणार असाल तर मासा ताजाच घ्या, विशेषतः बांगडा. उन्हात पडून राहिलेल्या बांगड्यात हिस्टमिन तयार होतं, ते तळूनही जात नाही आणि व्हिनेगरनेही नाही, मग खाल्ल्यावर जीभ चुरचुरते, तोंड लाल होतं आणि लोक म्हणतात मला माशाची ॲलर्जी झाली.

चटणीची गोष्ट वेगळी. जवळा उन्हात सुकलेला आणि वर खमंग भाजलेला, त्यात पाणीच इतकं कमी की जंतूंना वाढायला वाव नाही, म्हणून हवाबंद डब्यात ती बाहेर आरामात राहते. नुसती चटणी मेपर्यंत तशीच कुरकुरीत होती. खोबऱ्याची मात्र दीड महिन्यातच खवट झाली, तो खोबऱ्यातल्या तेलाचा दोष, जंतूंचा नाही, पण खाववत नाही ते नाहीच. आणि ओलं खोबरं किंवा कांदा घालून करता ती चटणी त्याच दिवसाची, तिला टिकाऊ म्हणूच नका.

जूनमध्ये पाऊस लागला आणि उरलेल्या चटणीचे गोळे व्हायला लागले. डोंबिवलीची हवा काय सांगू, मीठसुद्धा पाझरतं. तेव्हा वास घेऊन बघितला, नुसता जवळ्याचाच वास होता म्हणून कोरड्या तव्यावर मंद आचेवर पाच मिनिटं परतली, गार झाल्यावरच डब्यात भरली (गरम भरली की झाकणाला वाफ धरते आणि सगळं मुसळ केरात) आणि डबा फ्रिजमध्ये टाकला. नाक चुरचुरणारा अमोनियासारखा वास आला असता किंवा ठिपके दिसले असते तर परतायच्या भानगडीत न पडता फेकली असती.

स्टार द्यायचे तर नुसत्या चटणीला पाच, खोबऱ्याच्या चटणीला तीन, लोणच्याला चवीचे पाच पण लेबलमुळे एक कापला. स्टॉलवाल्या बाईंना फोन करून सांगितलं की फ्रिजमध्ये ठेवा असं लिहा, तर म्हणाल्या मग गिऱ्हाईक घेत नाही हो. पुढच्या वेळी लोणच्याची एकच बरणी घेणार, ती पण बर्फाच्या पिशवीत घालून, आणि चटणी खोबरं न घालता अर्धा किलो.